मागच्या आठवड्याचे बीपीचे आकडे चॅटबॉटला आठवत नाहीत. घरची नोंदवही नेमकी कशी ठेवावी?

मांजराकाठ (लातूर)

माझे वडील औसा तालुक्यातील आमच्या गावी राहतात. त्यांचे वय ६७ असून त्यांना रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी चालू आहे. लातूरच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीला येताना घरी मोजलेले आठवडाभराचे आकडे घेऊन या, असे सांगितले. दंडाला पट्टा बांधायचे यंत्र घरात आहेच. माझी धाकटी बहीण गावी असते. ती रोज सकाळ-संध्याकाळ मोजमाप करून ते आकडे फोनवरच्या चॅटबॉटला सांगत असे, आणि तो "नोंद घेतली" असे उत्तर देत असे.

आठवडा संपल्यावर तिने नवीन चॅट उघडून विचारले की मागच्या आठवड्याची सरासरी किती आली. उत्तर आले १२८/८०, आणि सोबत रक्तदाब आटोक्यात असल्याचा दिलासाही आला. मला हे खरे वाटेना, म्हणून मी यंत्राच्या साठ्यातले आकडे एकेक करून कागदावर उतरवले. संपूर्ण आठवड्यात वरचा आकडा १३१ च्या खाली एकदाही गेलेला नव्हता. सरासरी ही सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांच्या मध्येच कुठेतरी असते. त्यामुळे १२८ हे उत्तर या आकड्यांतून निघूच शकत नाही. ते कुठून आले हे मला समजून घ्यायचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आता आम्ही आमची स्वतःची नोंद ठेवणार आहोत, तर तिच्यात काय काय लिहावे, जेणेकरून डॉक्टरांना ती खरोखर उपयोगी पडेल, हे जाणकारांनी सांगावे.

गोदातीर (नांदेड)

दादा, यात यंत्रणेचा दोष फारसा नाही. या ॲपमध्ये स्मरणाची सोय असते, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. ती चालू केल्यावर तुमचे नाव, आवडीनिवडी, आजार वगैरे सर्व त्याच्या लक्षात राहते. दुसरे असे की आपल्या भगिनींनी नवीन चॅट उघडली, तिथेच घोटाळा झाला. एकच चॅट कायम ठेवावी आणि रोजचे आकडे तिथेच टाकत जावे. मी माझ्या चालण्याची नोंद अशीच ठेवतो आणि मला अद्याप अडचण आलेली नाही. वेगळी वही कशासाठी हवी, हे मला समजले नाही.

दुधनेचा शेजार (सेलू)

यंत्राला मागचे आकडे आठवत नसतील तर प्रथम त्यातील सेल तपासा. आमच्या घरी असेच झाले होते. सेल बदलायला काढले आणि यंत्रातील तारीख-वेळ मूळ पदावर गेली. त्यानंतरचे सगळे आकडे १ जानेवारीच्या नावावर जमा होऊ लागले. शिवाय आमच्या यंत्रावर मी आणि माझी पत्नी दोघेही मोजत होतो, त्यामुळे कोणता आकडा कोणाचा हेच कळेना. काही यंत्रांवर दोन व्यक्तींसाठी वेगळे बटण असते, ते दाबूनच मोजावे. तरीही होत नसेल तर यंत्र बदलून घ्या.

मांजराकाठ (लातूर)

काका, आमच्या यंत्राचा साठा ठीक आहे, विसरला तो चॅटबॉट. पण आपण सांगितलेले माझ्या उपयोगाचे आहे, कारण मी त्याच साठ्यावर विसंबून कागद तयार केला आणि आई कधी कधी त्याच यंत्रावर मोजते, हे बहिणीने मला आज सांगितले. सुदैवाने त्या आठवड्यात आई मामांकडे परभणीला होती, म्हणून ते सर्व आकडे वडिलांचेच आहेत.

कोष्टक (छत्रपती संभाजीनगर)

मी संगणकावर आकड्यांचेच काम करतो, म्हणून यातील यंत्रणेची बाजू सांगतो. वैद्यकीय बाजू जाणणाऱ्यांनी ती सांगावी.

चॅटबॉटच्या मागे जे भाषिक प्रारूप असते, त्याच्यापुढे उत्तर देताना जेवढा मजकूर ठेवलेला असतो, तेवढाच त्याला दिसतो. नवीन चॅट उघडली की, स्मरणाची सोय चालू नसल्यास, त्याच्यापुढे कोरा कागद येतो. "नोंद घेतली" हे त्याचे वाक्य सौजन्याचे असते. त्या वाक्यामागे कोष्टकात एक ओळ भरली गेली असे होत नाही. म्हणून तुमच्या बहिणीने सरासरी विचारली तेव्हा त्याच्यासमोर आकडेच नव्हते, आणि "माझ्याकडे आकडे नाहीत" असे म्हणण्याऐवजी त्याने अशा प्रश्नाला जसे उत्तर सहसा शोभते तसे उत्तर तयार केले. १२८/८० हा आकडा इतका नेहमीचा आहे की तो पाहून कोणालाही शंका येत नाही, आणि यातला खरा धोका तोच आहे.

गोदातीर यांनी सांगितलेली स्मरणाची सोय अस्तित्वात आहे, ते चुकीचे सांगत नाहीत. परंतु ती सोय बहुधा गोषवारा जपते. "वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे, सकाळ-संध्याकाळ मोजमाप चालते" एवढे तिच्यात राहील; मंगळवारी सकाळी दुसऱ्या वेळी १४७/८९ आले होते, हे राहील याची खात्री नाही. एकच चॅट लांबवत नेण्याचा उपायही काही काळच चालतो. एका वेळी किती मजकूर त्याच्यापुढे मावतो याला मर्यादा असते. चॅट तिच्या पलीकडे गेली की जुना भाग बाहेर पडतो किंवा त्याचाही संक्षेप होतो. तुम्हाला पडद्यावर वर सरकवून तो भाग दिसतो, त्यामुळे त्यालाही दिसत असेल असे वाटते, पण तसे असेलच असे नाही.

हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. सरासरी विचारण्याआधी त्याला सांगावे की मी दिलेल्या सर्व नोंदी तारीख, वेळ आणि आकडे यांसह जशाच्या तशा परत लिहून दाखव. मग ओळी मोजाव्यात आणि मधल्या दोन-तीन ओळी यंत्राशी ताडून पाहाव्यात. ओळी कमी भरल्या किंवा एखादा आकडा वेगळा निघाला, तर पुढची सरासरी, कल, निष्कर्ष यांपैकी काहीही घेऊ नये. गोदातीर, आपण आपल्या चालण्याच्या चॅटवर ही कसोटी करून पाहावी, अशी माझी विनंती आहे.

उपकेंद्रावरची ताई (हिंगोली जिल्हा)

मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रात काम करते. रक्तदाबाचे रुग्ण रोज समोर येतात आणि घरून आणलेले कागदही मी रोज पाहते. त्या कागदांवर बहुतेक वेळा फक्त "१४०/९०, १३०/८०, १५०/९०" असे शून्यावर संपणारे आकडे असतात. यंत्र तर १४३, १३८, १५१ असे आकडे दाखवते. म्हणजे लिहिताना कोणीतरी आकडे गोल केलेले असतात, किंवा संध्याकाळी आठवून लिहिलेले असतात. तेव्हा पहिली गोष्ट हीच की पडद्यावर जो आकडा दिसेल तोच, त्याच क्षणी, तसाच लिहावा.

मोजण्याची पद्धत अशी ठेवावी. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, न्याहारीच्या आधी आणि गोळीच्या आधी मोजावे. पाठ टेकून खुर्चीवर बसावे, पाय जमिनीला टेकलेले असावेत, मांडीवर मांडी नसावी, आणि पाच मिनिटे न बोलता बसावे. दंड उघडा असावा आणि हात टेबलावर असा ठेवावा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. एक मोजमाप घ्यावे, एक मिनिट थांबावे, दुसरे घ्यावे आणि दोन्ही लिहावेत. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसेच करावे. मोजण्याच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, शेतातून धावपळ करत येणे, यांपैकी काही झालेले नसावे. डॉक्टरांच्या भेटीआधी असे सात दिवस करावे. पहिल्या दिवसाचे आकडे बहुधा चढे येतात, कारण माणूस नव्या गोष्टीला बिचकलेला असतो. म्हणून सरासरी काढताना तो दिवस वगळून उरलेल्या सहा दिवसांची काढतात.

घरी मोजलेल्या आकड्यांची सीमारेषा दवाखान्यातल्यापेक्षा थोडी खाली असते, हेही लक्षात ठेवावे. दवाखान्यात १४०/९० ही जी रेषा धरली जाते, तिच्या जागी घरच्या सरासरीसाठी १३५/८५ धरली जाते.

दादा, मला आपल्याला एक विचारायचे आहे. वडील मोजताना नेमके कुठे आणि कसे बसत होते?

मांजराकाठ (लातूर)

ताई, बहिणीला विचारून सांगतो. वडील ओसरीतल्या बाजेवर बसत, पाठीला टेका नव्हता, पाय बाजेवरून लोंबकळत असत आणि हात मांडीवर ठेवलेला असे. त्या आठवड्याचे आकडे मी खाली देतो. प्रत्येक आकडा हा लागोपाठच्या दोन मोजमापांची सरासरी आहे आणि येथे फक्त वरचा आकडा दिला आहे.

सकाळ : १५८, १४८, १४६, १५०, १४४, १४८, १४६
संध्याकाळ : १४२, १३६, १३४, १३८, १३२, १३६, १३४

पहिला दिवस वगळला तर सकाळच्या सहा आकड्यांची बेरीज ८८२ येते आणि सरासरी १४७. संध्याकाळची बेरीज ८१० आणि सरासरी १३५. दोन्ही मिळून १४१. खालचा आकडा त्याच रीतीने सकाळी ८८, संध्याकाळी ८२ आणि मिळून ८५ येतो. चॅटबॉटचे १२८/८० आणि हे १४१/८५ यांत किती अंतर आहे ते आपण पाहताच आहात. पहिले पाहून आम्ही निर्धास्त झालो असतो.

उपकेंद्रावरची ताई (हिंगोली जिल्हा)

आकडे दिलेत ते बरे केले. यात दोन गोष्टी दिसतात.

पहिली बसण्याची. हात मांडीवर असला की पट्टा हृदयाच्या पातळीच्या खाली जातो आणि आकडा वाढीव येतो. दहा सेंटीमीटर खाली गेला तर साधारण आठ अंकांचा फरक पडतो. पाठीला टेका नसणे आणि पाय लोंबकळणे यांनीही आकडा थोडा वर सरकतो. म्हणजे हे १४१ पूर्णपणे वडिलांच्या रक्तवाहिन्यांचे नाही, त्यात बाजेचा आणि मांडीचाही वाटा आहे. तो किती, हे या नोंदीवरून कोणीही सांगू शकणार नाही. पुढच्या आठवड्यापासून भिंतीला लावलेली खुर्ची आणि हाताखाली टेबल किंवा रचलेल्या उशा, असे करावे आणि वहीत त्या तारखेला "आजपासून खुर्ची" असे ठळक लिहावे. नाहीतर महिन्याने आकडे उतरलेले दिसतील आणि ते गोळीने उतरले की खुर्चीने, हा प्रश्न सुटणार नाही.

दुसरी गोष्ट सकाळ आणि संध्याकाळ यांतील फरकाची. तुमच्याकडे सरळ बारा अंकांचा फरक आहे. सकाळचे मोजमाप गोळीच्या आधीचे, म्हणजे कालच्या गोळीला जवळजवळ चोवीस तास झालेले असतानाचे. संध्याकाळचे मोजमाप गोळीचा अंमल चालू असतानाचे. कालच्या गोळीचा प्रभाव पहाटेपर्यंत पुरतो की नाही, हा विचार डॉक्टर या फरकावरून करतात. अर्थात पहाटे रक्तदाब थोडा वाढणे हे शरीराचेही वळण आहे, त्यामुळे एकट्या या फरकावरून गोळी कमी पडते असे म्हणता येत नाही. पण दोन्ही वेळा एकत्र करून काढलेले १४१ जर डॉक्टरांपुढे ठेवले, तर हा प्रश्न निघणारच नाही. म्हणून सकाळची आणि संध्याकाळची सरासरी वेगवेगळी दाखवावी आणि गोळी किती वाजता घेतली तेही लिहावे.

गोळीची वेळ किंवा मात्रा आकडे पाहून घरी कोणीही बदलू नये. आणि एक गोष्ट वहीपेक्षा महत्त्वाची : वरचा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे गेला, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे, सोबत छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे यांपैकी काहीही असेल, तर नोंद बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे. पुन्हा मोजून आकडा तसाच राहिला, तर लक्षण काहीही नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

सेलूची लेक (सध्या पुणे)

माझा विषय थोडा वेगळा आहे, पण घोटाळा याच घराण्यातला आहे. माझ्या आईला मधुमेह आहे आणि ती ग्लुकोमीटरचे आकडे वहीत लिहिते. ती लिहिते ते आपले देवनागरी अंक. मी त्या पानाचे छायाचित्र मागवून चॅटबॉटला देत असे, म्हणजे मला टाइप करावे लागू नये. एकदा त्याने उपाशीपोटीची साखर ९४८ वाचली. आईने १४८ लिहिले होते. तिच्या हाताचा १ हा इंग्रजी ९ सारखा दिसतो. असा अशक्य आकडा आला म्हणून तो मला सापडला. पण देवनागरी ४ हा इंग्रजी ८ सारखा वाचला गेला, तर १४० चे १८० होतात, आणि साखरेच्या बाबतीत १८० मुळीच अशक्य वाटत नाही. असे किती आकडे माझ्या नजरेतून सुटले असतील, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. आता आई दर रविवारी फोनवर आकडे वाचून दाखवते आणि मी कोष्टकात भरते. तिच्या वहीत "जेवणाआधी" की "जेवणानंतर दोन तासांनी" हा रकाना मी आखून दिला आहे, कारण त्यावाचून साखरेच्या आकड्याला अर्थच नसतो.

मला एक विचारायचे होते. रक्तदाबाप्रमाणे साखरेचीही अशी आठवड्याची सरासरी काढून डॉक्टरांना दाखवली तर चालेल का?

उपकेंद्रावरची ताई (हिंगोली जिल्हा)

ताई, उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे आकडे मिसळून सरासरी काढू नये, त्यातून काहीच कळणार नाही. वेगवेगळ्या रांगेत लिहून सर्व आकडे दाखवावेत, कारण साखरेत एखाद्या दिवशीची मोठी घसरण सरासरीत बुडून जाते आणि तीच सर्वांत धोक्याची असते. ७० च्या खालचा प्रत्येक आकडा, वेळ आणि त्या दिवशीचे जेवण यांसह, वेगळा खुणेने दाखवावा. याहून जास्त मी येथे लिहीत नाही, कारण धागा रक्तदाबाचा आहे.

कोष्टक (छत्रपती संभाजीनगर)

सेलूच्या ताईंचे निरीक्षण फार मोलाचे आहे. कागदावरून कोष्टकात आकडे नेणे हे काम माणसाने करावे आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचून पडताळावे, हेच मीही सुचवीन.

आता मांजराकाठ यांच्यासाठी नोंदीचा आराखडा देतो. गावी कागदाची वही राहू द्यावी. मूळ नोंद तीच. फोनवरच्या किंवा संगणकावरच्या कोष्टकात तिची नक्कल ठेवावी. रकाने असे : A मध्ये तारीख, B मध्ये सकाळ किंवा संध्याकाळ, C मध्ये वरचा, D मध्ये खालचा, E मध्ये नाडी, F मध्ये गोळीची वेळ आणि G मध्ये टीप. एका मोजमापाला एक ओळ. म्हणजे रोज चार ओळी होतील.

वरचा आणि खालचा एकाच रकान्यात १४८/८८ असे कधीही लिहू नये. कोष्टकाला ती संख्या वाटत नाही, तो मजकूर ठरतो, आणि सरासरीचे सूत्र त्या ओळी न बोलता सोडून देते. तारखेचेही तसेच आहे. 05/01 लिहिले तर काही फोन ती ५ जानेवारी धरतात आणि काही १ मे. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने 2025-01-05 असे लिहावे.

H1 या घरात आठवड्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाकावी, म्हणजे पहिला दिवस आपोआप वगळला जाईल. मग सकाळच्या वरच्या आकड्याची सहा दिवसांची सरासरी या सूत्राने मिळते :

```
=AVERAGEIFS(C:C,B:B,"सकाळ",A:A,">="&H1,A:A,"<="&H1+5)
```

खालच्या आकड्यासाठी आरंभीच्या C:C च्या जागी D:D लिहावे आणि संध्याकाळसाठी अवतरणातील शब्द बदलावा. शब्द सर्वत्र एकसारखा लिहिलेला असावा; एका ओळीत "सकाळी" झाले तर ती ओळ हिशेबातून गळते. म्हणून शेजारच्या घरात हेच सूत्र COUNTIFS ने लिहून ओळींची संख्या पाहावी :

```
=COUNTIFS(B:B,"सकाळ",A:A,">="&H1,A:A,"<="&H1+5)
```

येथे १२ आले पाहिजेत. ११ आले तर सरासरीकडे न पाहता आधी गळलेली ओळ शोधावी.

चॅटबॉटचा उपयोग करूच नये असे माझे म्हणणे नाही. दोन आठवड्यांच्या सर्व ओळी एकाच वेळी त्याच्यापुढे ठेवून, कोणत्या दिवसाची टीप कोणत्या चढ्या आकड्याशी जुळते, डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, हे विचारायला तो बरा आहे. पण ओळी दर वेळी आपणच पुढे ठेवायच्या आणि बेरीज कोष्टकाची खरी मानायची.

गोदातीर (नांदेड)

कोष्टक सर, आपण सांगितलेली कसोटी मी माझ्या चालण्याच्या चॅटवर केली. अलीकडच्या नोंदी त्याने बिनचूक लिहून दाखवल्या. आरंभीच्या नोंदींच्या जागी मात्र रोज गोलमटोल सहा हजार पावले लिहिली, आणि मी त्या काळात बहुतेक दिवस तेवढा चाललेलोच नव्हतो. तेव्हा एकच चॅट कायम ठेवण्याचा माझा सल्ला रक्तदाबासाठी कोणी घेऊ नये. स्मरणाच्या सोयीबद्दल मात्र माझे मत कायम आहे. वडिलांचे वय, गोळी, आजार हे दर वेळी सांगावे लागत नाही, एवढा तिचा फायदा आहेच.

निवृत्त मास्तर (अंबाजोगाई)

मला या चर्चेत एक काळजी वाटते. मी स्वतः रक्तदाबाचा रुग्ण आहे. कोष्टक, सूत्रे, दिवसाला चार ओळी यांत माणूस आकड्यांच्या मागे लागतो. एक आकडा चढा आला की घाबरून पुन्हा मोजतो, तो आणखी चढतो. माझ्या ओळखीतील एक गृहस्थ दर तासाला मोजत आणि रात्री झोपत नसत. माझ्या मते महिन्यातून एकदा दवाखान्यात मोजावे आणि बाकी वेळ मीठ कमी, लोणचे-पापड बंद, चालणे नियमित, एवढे पाळावे.

शिवाय पहिला दिवस वगळण्याचे कारण मला पटत नाही. माणूस बिचकला म्हणून चढलेला रक्तदाबही त्याचाच आहे. दिवसभरात बिचकण्याचे प्रसंग कमी येतात का? चढे आकडे वगळून काढलेली सरासरी ही स्वतःची समजूत काढण्यासारखी आहे.

उपकेंद्रावरची ताई (हिंगोली जिल्हा)

सर, दर तासाला मोजणे चुकीचेच आहे आणि तसे मी कधीच सांगत नाही. ठरलेल्या सात दिवसांत ठरलेल्या दोन वेळा मोजावे आणि मग यंत्र कपाटात ठेवावे, ही पद्धत त्या गृहस्थांसारख्या माणसांसाठीही बरी आहे, कारण त्यात अधेमधे मोजायला जागाच राहत नाही. महिन्यातून एकदा दवाखान्यात मोजण्याबद्दल मात्र मी सहमत नाही. काही जणांचा दाब दवाखान्यातच चढतो आणि घरी ठीक असतो. काहींचे नेमके उलटे असते, आणि हे दुसऱ्या प्रकारचे रुग्ण दवाखान्याच्या आकड्यावरून कधीच सापडत नाहीत.

पहिल्या दिवसाबाबत आपला आक्षेप मी समजू शकते. वगळायचा तो सरासरीतून. वहीतून खोडायचा नाही. आकडा तिथे राहतो आणि डॉक्टर तो पाहू शकतात.

कोष्टक (छत्रपती संभाजीनगर)

मांजराकाठ यांच्याच आकड्यांवर हिशेब करून पाहिला. पहिला दिवस धरला तर सकाळची सरासरी १४७ ऐवजी १४८.६ होते, संध्याकाळची १३५ ऐवजी १३६. या कुटुंबाच्या बाबतीत निष्कर्ष बदलत नाही. सरासरी सीमारेषेला चिकटून असेल तेव्हा मात्र या एका दिवसाने रेषेच्या अलीकडे की पलीकडे हे ठरू शकते, म्हणून मास्तरांचा प्रश्न अगदीच सोडून देण्यासारखा नाही. ज्या पद्धतीने पहिला आठवडा मोजला, त्याच पद्धतीने दुसराही मोजावा, एवढे मी आग्रहाने म्हणेन.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांच्या सूचनांप्रमाणे दुसरा आठवडा पूर्ण केला आणि काल डॉक्टरांची भेटही झाली, म्हणून कळवतो.

खुर्ची भिंतीला लावली, हाताखाली शिलाई यंत्राचे टेबल घेतले. पहिला दिवस वगळून सकाळची सरासरी १४३/८४ आली आणि संध्याकाळची १२८/७८. ओळी दोन्ही वेळी १२ भरल्या. एका संध्याकाळी १५४ आले होते, तेव्हा वडील आठवडी बाजारातून उभ्याने एसटीने येऊन लगेच बसले होते. ती ओळ बहिणीने टीप लिहून ठेवली आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजले. सरासरीत आम्ही नंतरची मोजमापे धरली आणि आधीचे १५४ वहीत तसेच ठेवले. हे योग्य झाले की नाही, ते जाणकारांनी सांगावे.

डॉक्टरांनी एकत्रित सरासरीकडे पाहिलेही नाही. त्यांचे बोट थेट सकाळच्या रांगेवर गेले आणि गोळी किती वाजता घेता, हा पहिला प्रश्न आला. वहीत कधी सात, कधी साडेनऊ, एक दिवस अकरा असे होते. ज्या दिवशी अकरा वाजले होते तो ज्वारीच्या काढणीचा दिवस होता. त्यांनी गोळी बदलली नाही. रोज सात वाजता, मोजून झाल्यावर लगेच गोळी घ्या आणि तीन आठवड्यांनी याच पद्धतीने पुन्हा सात दिवस मोजून आणा, असे सांगितले. दोन्ही हातांवर त्यांनी स्वतः मोजले. उजवा हात सहा अंकांनी वर आला, म्हणून यापुढे उजव्यावरच मोजायचे ठरले. आम्ही आजवर डाव्यावर मोजत होतो, तेव्हा वहीत "आजपासून उजवा हात" अशी ओळ घातली आहे.

उपकेंद्रावरची ताई (हिंगोली जिल्हा)

बाजारातून आल्यावरची ओळ ठेवलीत आणि टीप लिहिलीत, ते योग्यच. फक्त असे फेरमोजमाप आकडा चढा आला म्हणूनच घेतले जाऊ नये. उतरलेला आकडा पुन्हा कोणी मोजत नाही, आणि मग सरासरी हळूहळू खाली सरकते. त्या दिवशी कारण आकड्याआधीच घडलेले होते, म्हणून चालले. यापुढे बाहेरून आल्यावर अर्धा तास थांबूनच यंत्र काढावे.

हात बदलल्यामुळे पुढच्या आठवड्याची सरासरी मागच्याशी सरळ ताडता येणार नाही. सहा अंकांपर्यंतची वाढ हाताची असू शकते. डॉक्टरांना तेही आठवण करून द्यावे. आणि उजव्या दंडाचा घेर पट्ट्यावर लिहिलेल्या मापात बसतो का, ते पाहून घ्यावे. दंडाला लहान पडणारा पट्टा आकडा वाढवून दाखवतो.

निवृत्त मास्तर (अंबाजोगाई)

गोळीच्या वेळेचा रकाना मी माझ्या वहीत आजच आखला. पहिल्या दिवसाबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही. मी तो धरूनच सरासरी काढणार आहे आणि तसे पानाच्या वर लिहून ठेवणार आहे. मला आणखी एक विचारायचे आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि घामाने माणूस निथळतो. तेव्हा माझे आकडे दर वर्षी खाली असतात आणि थंडीत वर येतात. मग हिवाळ्यातील आठवडा उन्हाळ्यातील आठवड्याशी ताडावा की मागच्या हिवाळ्याशी? माझ्याकडे मागच्या हिवाळ्याच्या नोंदी आहेत, पण त्या महिन्यातून एकदाच्या आणि दवाखान्यातल्या आहेत.

उपकेंद्रावरची ताई (हिंगोली जिल्हा)

सर, हिवाळा हिवाळ्याशी ताडणे अधिक बरे, पण आपल्याकडचे दवाखान्यातले एकेक आकडे घरच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडता येणार नाहीत. येत्या डिसेंबरात एक आणि मे महिन्यात एक असे पूर्ण आठवडे घरी मोजून ठेवावेत. उन्हाळ्यात उठताना चक्कर येत असेल, तर बसून मोजल्यावर उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे, उभ्याचे आकडे वेगळ्या ओळीत "उभे" असे लिहावेत आणि सरासरीत घेऊ नयेत. वरचा आकडा वीस किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर मे संपण्याची वाट न पाहता ते पान डॉक्टरांना दाखवावे.